लाल, पण माणिक नव्हे

ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात ‘तैमूर रुबी’ नावाचा ३५२.५ कॅरटचा लालभडक खडा आहे. त्यावर जहांगीर, शाहजहान, नादिरशहा यांची नावे कोरलेली आहेत. पण हे रत्न माणिक नाही, स्पिनेल आहे. मोगल दरबाराला तो फरक ठाऊक होता. माणकाला तिथे ‘याकूत’ म्हणत आणि बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या या खड्याला ‘लाल’. युरोपात मात्र १७८३ मध्ये रोमे द लील यांनी फरक दाखवेपर्यंत दोन्ही एकच मानले जात.

चूक होण्याचे कारण खड्यातच आहे. माणिक हे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. स्पिनेलमध्ये त्याला मॅग्नेशियमची जोड असते. दोघांनाही लाली येते ती क्रोमियमच्या किंचित अंशाने. म्यानमारमधल्या मोगोकला दोन्ही एकाच संगमरवरात तयार होतात आणि नदीच्या एकाच वाळूत सापडतात.

नजरेला न दिसणारा फरक प्रकाश दाखवतो. माणकात शिरलेला किरण दोन भागांत फुटतो, म्हणून डायक्रोस्कोप नावाच्या छोट्या नळीतून पाहिले की शेजारी-शेजारी दोन छटा दिसतात, एक जांभळट लाल आणि दुसरी नारिंगी लाल. स्पिनेलमध्ये खडा कसाही फिरवला तरी एकच छटा राहते. अर्थात गार्नेट आणि काचही एकच छटा दाखवतात, त्यामुळे एवढ्यावर निकाल देणे घाईचे ठरते.

दुसरी कसोटी वजनाची. समजा, सुटा खडा हवेत ३.६० कॅरट भरला. तो पाण्यात बुडवून तोलल्यावर वजन २.६० झाले, म्हणजे एक कॅरट घटले, तर घनता ३.६ येते. ही स्पिनेलची घनता. माणिक असते तर घट ०.९० कॅरटचीच झाली असती, कारण त्याची घनता ४ आहे. मात्र दागिन्यात बसवलेल्या खड्यावर हा प्रयोग चालत नाही.

चांगले स्पिनेल तशाच रंगाच्या व शुद्धतेच्या माणकापेक्षा बरेच स्वस्त पडते. बाजारातली बहुतेक माणके भट्टीत तापवलेली असतात, हलक्या माणकांच्या भेगांत तर शिशाची काचही भरतात. स्पिनेल बहुधा जसे सापडते तसेच पैलू पाडून विकले जाते. काठिण्य ८, माणकाच्या ९ पेक्षा कमी, तरी रोजच्या अंगठीला पुरेसे. तरीही नाव बदनाम झाले, कारण विसाव्या शतकात प्रयोगशाळेतले स्पिनेल इतर रत्नांची नक्कल म्हणून सर्रास खपवले गेले. शिवाय आता ते फार स्वस्तही राहिलेले नाही. २००७ मध्ये टांझानियातल्या महेंगे येथे मोठे, झळझळीत खडे सापडल्यापासून उत्तम लाल-गुलाबी स्पिनेलचे भाव चढत गेले आहेत.

खरेदी करताना प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर ‘स्पिनेल’ या शब्दाआधी ‘नैसर्गिक’ लिहिले आहे का, ते आधी वाचावे.