कांद्याचे टिंब, गंगेचा अर्धा ङ

गेल्या पावसाळ्यात एका मासिकाची मुद्रिते तपासताना नाशिककडच्या एका निवृत्त गुरुजींचा लेख हाती आला. विषय गोदाकाठच्या कांद्याचा. गुरुजींनी हाताने लिहिलेला आणि नातवाने संगणकावर टंकलेला. पहिल्याच वाक्यात 'कान्दा' होता आणि तिसऱ्या ओळीत 'गन्गा'. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळे हे दोन शब्द पानापानावर होते. मी सगळीकडे 'कांदा' आणि 'गंगा' करून मुद्रिते परत पाठवली.

दोन दिवसांनी गुरुजींचा फोन आला. "ताई, गन्गा ही आमच्या नातवाची चूक, ती मान्य. पण मी हाताने गङ्गा लिहिलं होतं. ते चालतं की नाही? आणि चालत असेल, तर माझ्या कान्द्यानं काय घोडं मारलं? उच्चार तर कान्दा असाच आहे ना?"

प्रश्न अगदी नेमका होता. गङ्गा, गन्गा आणि कान्दा या तिन्ही रूपांत अनुस्वाराच्या जागी अर्धे अक्षर आहे. तरी त्यांतले एक चालते, एक साफ चुकीचे आहे आणि एकाचा उच्चार बरोबर असूनही प्रमाण मराठी ते स्वीकारत नाही.

आधी उच्चार पाहू. 'गंगा' सावकाश म्हणा आणि पहिल्या ग नंतर क्षणभर थांबा. जिभेचा मागचा भाग वर टाळूला टेकलेला असतो आणि आवाज नाकातून येत असतो. हा ङ्. आता 'कांदा' म्हणता म्हणता तसेच थांबा. जिभेचे टोक दातांमागे असते. हा न्. 'आंबा' म्हणताना ओठच मिटतात, तो म्. 'अंडे' म्हणताना ण् येतो आणि 'पंच' म्हणताना ञ्. टिंब एकच, पण पुढचे अक्षर तोंडात जिथे उच्चारले जाते तिथलेच अनुनासिक ते आपोआप घेते. रोमन लिपीत हे उघड दिसते: मुंबईच्या टिंबासाठी आपण m लिहितो आणि पंढरपूरच्या टिंबासाठी n. मराठी वाचणाऱ्याला मात्र हे कुणी सांगावे लागत नाही. ब दिसला की ओठ मिटतातच.

टिंबाऐवजी हे अनुनासिक अर्धे करून पुढच्या अक्षराला जोडले की त्याला परसवर्ण म्हणतात, म्हणजे पर अर्थात पुढच्या वर्णाशी सवर्ण असलेला, त्याच्याच वर्गातला वर्ण. गन्गा चुकते ते इथेच. ग हा क-वर्गातला, त्याच्या वर्गाचे अनुनासिक ङ्. न् हा त-वर्गातला. गन्गा लिहिले तर ते गनगा असे काहीतरी वाचावे लागेल. तसे कुणी बोलत नाही. पन्कज, शन्कर, अन्क ही रूपे याच जातीची आहेत.

आता नियम. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने 1962 साली स्वीकारले आणि 1972 साली त्यांत चारांची भर पडली. या अठरांतला पहिलाच नियम आपल्या प्रश्नाचा आहे. ज्या अनुनासिकाचा उच्चार स्पष्ट होतो, त्याबद्दल अक्षराच्या डोक्यावर टिंब द्यावे. या टिंबाला नियमांच्या भाषेत शीर्षबिंदू म्हणतात. 'स्पष्ट' या अटीला तेव्हा मोठा अर्थ होता, कारण जुन्या लेखनात नांव, गांव, पांच, कांहीं असे उच्चारात न उरलेले पुष्कळ अनुस्वार व्युत्पत्तीसाठी सांभाळले जात. ते गेले. कांदा, तंटा, चिंच यांत नाकातला आवाज खणखणीत ऐकू येतो, म्हणून त्यांचे टिंब राहिले.

त्याच नियमात पुढे एक सवलत आहे. शब्द तत्सम असेल, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असेल, तर विकल्पाने परसवर्ण लिहायला हरकत नाही. म्हणून पंडित किंवा पण्डित, अंतर्गत किंवा अन्तर्गत, गंगा किंवा गङ्गा. संस्कृत नसलेल्या मराठी शब्दांना ही सवलत नाही. दंगा, तांबे, खंत, संप हे टिंब देऊनच लिहायचे.

म्हणजे गुरुजींचे गङ्गा नियमात बसत होते. मी ते बदलले, कारण त्या मासिकात सगळीकडे टिंब देण्याची रीत आहे आणि एका अंकात दोन रिती वाचकाला खुपतात. तो संपादनाचा निर्णय होता, चुकीची दुरुस्ती नव्हती. मुद्रितावर तसे लिहायला मी हवे होते.

गङ्गा लिहिणाऱ्यांच्या आग्रहाला आधारही आहे. पाणिनीच्या व्याकरणात शब्दाच्या पोटात आलेल्या अशा अनुस्वाराचा परसवर्ण होणे सक्तीचे आहे. विकल्प आहे तो पदाच्या शेवटी आलेल्या अनुस्वाराला. म्हणून काटेकोर संस्कृत पाहणाऱ्याला गङ्गा हेच खरे रूप आणि टिंब ही सोय. मराठीने हा क्रम उलटा केला: टिंब ही मुख्य रीत आणि परसवर्ण ही सवलत. जो मराठी लिहितो आहे, त्याने मराठीचा क्रम पाळावा असे मला वाटते.

कांद्याला सवलत का नाही, हे त्याच्या घराण्यात पाहिले की समजते. संस्कृत शब्द आहे कन्द. तो मराठीत कंद म्हणून जसाच्या तसा चालतो. त्यामुळे कंद लिहा, कन्द लिहा, दोन्ही बरोबर. कांदा हे त्याच मुळातून निघालेले, पण मराठीच्या तोंडात घडलेले रूप. स्वर लांबला, शेवटी आ आला, अर्थ एका विशिष्ट कंदापुरता झाला. हा तद्भव शब्द आहे, तत्सम नाही, म्हणून फक्त कांदा. अशा जोड्या घरोघरी आहेत. दंड किंवा दण्ड, पण दांडा. चंद्र किंवा चन्द्र, पण चांद. 'हिंदी' आणि 'हिंदू' तर फारसीच्या वाटेने आले, त्यामुळे मराठीत हिन्दी, हिन्दू ही रूपे या सवलतीत येत नाहीत.

"पण उच्चार न् चाच आहे," हा गुरुजींचा मुद्दा तरी उरतोच. कांद्यापुरता तो खरा आहे. मराठी शब्दांत टिंबच का बरे, याचे मला सर्वांत पटणारे उत्तर कांद्यात नाही, मांजरात आहे. मांजर म्हणा. यातला ज हा 'जग'मधला तालव्य ज नाही, 'जाड'मधला दाताजवळचा ज आहे. संस्कृतात हा उच्चार नाही. मराठीने च, ज, झ या अक्षरांना असे दोन-दोन उच्चार दिले आहेत, पण अक्षरे तीच ठेवली. आता परसवर्ण लिहायचा म्हटले, तर ज हा च-वर्गातला म्हणून 'माञ्जर' लिहावे लागेल. पण मांजर म्हणताना जीभ ञ् च्या जागी जातच नाही, ती न् च्या जवळ असते. बरे, 'मान्जर' लिहावे तर वर्गाचा नियम मोडतो. टिंब या पेचात सापडतच नाही. ते एवढेच सांगते की इथे नाकातून आवाज काढा, जागा पुढचे अक्षर दाखवील. झुंज, गंज या शब्दांतही हेच आहे.

एका ठिकाणी मात्र परसवर्ण नुसता चालतो असे नाही, तोच लिहावा. 'त' हा मराठीत सप्तमीचा प्रत्यय आहे आणि अनेकवचनात त्याच्या आधी टिंब येते: घरांत, गावांत. म्हणून 'वेदांत' म्हणजे वेदांमध्ये. शंकराचार्यांचे तत्त्वज्ञान सांगायचे असेल तर 'वेदान्त'. 'तिचा जीव असल्या सुखांत रमत नाही' आणि 'नाटक सुखान्त आहे' ही वाक्ये शेजारी ठेवली की फरक दिसतो. देहांत आणि देहान्त यांचेही तसेच. नियमांनी ही सूट मुद्दाम नोंदवली आहे. माझ्या हाताखालून जाणाऱ्या मजकुरात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते या सुटीकडे.

टिंबाची सवय लागली की माणूस भलत्या जागीही टिंब देतो. पुढे य, र, ल, व, श, ष, स, ह असेल तर टिंबच हवे. संयम, हंस, सिंह यांत जोडायला वर्गातले अनुनासिकच नाही, म्हणून हन्स, वन्श चुकीचे. पण जन्म, कन्या, पुण्य, सम्राट, वाङ्मय यांतले अर्धे अक्षर हा अनुस्वार नव्हेच. तो शब्दाचा स्वतःचा वर्ण आहे, त्याचे टिंब करता येत नाही. वाङ्मयातला ङ तर वाक् मधल्या क् चा झालेला आहे. आणि 'इन्कार' म्हणताना आपण पुढे क असूनही ङ् नाही, चक्क न् उच्चारतो, म्हणून 'इंकार' लिहिले की वाचणारा इङ्कार म्हणेल. शंका आली की शब्द मोठ्याने म्हणायचा. नाकातला आवाज पुढच्या अक्षराच्या जागेवरून आला तर टिंब, दुसऱ्या जागेवरून आला तर ते अक्षरच अर्धे लिहायचे. तत्सम-तद्भव ठरवणे हे त्यानंतरचे काम, आणि त्याला कोश लागतो.

नातवाच्या 'गन्गा'चे मूळ कळफलकात निघाले. तो रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवत होता. ganga लिहिले की काही साधने n चा सरळ न् करतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर टिंबासाठी `x` ही स्वतंत्र कळ असल्याने ही चूक सहसा होत नाही. डोळ्यांना तिन्ही रूपे एका नदीची वाटली तरी यंत्राला ती वेगळी असतात:

```
गंगा    U+0917 U+0902 U+0917 U+093E
गङ्गा   U+0917 U+0919 U+094D U+0917 U+093E
गन्गा   U+0917 U+0928 U+094D U+0917 U+093E
```

0902 म्हणजे टिंब, 0919 म्हणजे ङ, 0928 म्हणजे न आणि 094D म्हणजे हलन्त. त्यामुळे फाइलमध्ये 'गंगा' शोधले तर 'गङ्गा' सापडेलच असे नाही. गुरुजींच्या लेखात मला तिन्ही रूपे वेगवेगळी शोधावी लागली, आणि तरी एक 'गन्गेच्या' सुटलाच होता. तो गुरुजींनीच पकडला.

मी हे सगळे फोनवर सांगितले. गुरुजींनी गंगा आणि कांदा दोन्ही मान्य केले, वेदान्ताचा एक उल्लेख होता तो मात्र अर्ध्या न चाच ठेवायला लावला, आणि ते बरोबरच होते. मग म्हणाले, "आणि गंगथडी? गंगा तत्सम आहे, मग गङ्गथडी लिहू का?"

थडी मराठी, आणि गंगेचा शेवटचा आ ही गळून गेलेला. शब्द आता पुरता मराठी झाला आहे. मी म्हटले, "गंगथडीला टिंबच, गुरुजी." पलीकडे पेन्सिल कागदावर फिरल्याचा आवाज आला.