सुरतची गुजराती नोटीस : मराठी कागदावरची की बोलीतली?

सुरतच्या उधना, लिंबायत भागांत खानदेशातून गेलेली कितीतरी घरं आहेत. दारावर गुजराती नोटीस आली की पोरं फोनने फोटो काढून तिचं मराठी करतात. समजा, नोटिशीत आहे : ‘बाकी वेरो दिन 7 मां भरवो, नहींतर पाणीनुं जोडाण कापवामां आवशे.’

पुस्तकी मराठीत होतं, ‘थकीत कराचा भरणा 7 दिवसांत करावा, अन्यथा नळजोडणी खंडित करण्यात येईल.’ अर्थ बरोबर आहे, पण ‘खंडित’पाशी आजी अडते. बोलीत म्हणायचं तर, ‘बाकी घरपट्टी 7 दिवसांत भरा, नाहीतर नळ तोडतील.’ हे लगेच कळतं. पण ‘वेरो’ म्हणजे नुसता कर. तो घराचा की पाण्याचा, हे या ओळीत नाहीच. ‘घरपट्टी’ हा बोलीने लावलेला अंदाज. शिवाय ‘तोडतील’मध्ये कारवाईची सूचना शेजाऱ्याच्या गप्पांसारखी वाटते.

म्हणून वाक्य बोलीतलं ठेवावं, नेमके शब्द मात्र कागदावरचे : ‘बाकी वेरो, म्हणजे कर, 7 दिवसांत भरा, नाहीतर पाण्याचं कनेक्शन कापलं जाईल.’ ‘वेरो’ तसाच राहू द्यावा, कारण खिडकीवर तोच शब्द कानावर पडणार. आणि बोली तरी कोणती? लिंबायतच्या अनेक घरांत अहिराणी चालते, पुण्याची बोली तिथे पुस्तकीच वाटते.

आकडे मात्र मूळ फोटोतच बघावेत. गुजराती लिपीतला पाचाचा आकडा आणि ‘प’ हे अक्षर जवळजवळ सारखंच दिसतं. भाषांतरात मुदतीच्या जागी भलतंच अक्षर आलं, तर घोटाळा फोटो वाचण्यात झालाय. मराठी कुठलीही निवडली तरी तो सुटत नाही.