दारातूनच परत

शेंगेनचा व्हिसा पासपोर्टवर आला की बरेच जण निर्धास्त होतात. व्हिसासाठी एजंटाने लावलेलं हॉटेलचं बुकिंग रद्द करून टाकतात. पण व्हिसा असला तरी आत सोडायचं की नाही, हे सीमेवरचा अधिकारी ठरवतो.

समजा, एक जण मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे लिस्बनला निघाला आहे. इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं, कारण शेंगेनमधला तो पहिला विमानतळ. अधिकारी राहण्याचा पत्ता विचारतो, हॉटेलला फोन लावतो. त्या नावाचं बुकिंगच नसतं. मग आतल्या खोलीत चौकशी होते आणि शेवटी एक छापील फॉर्म हातात पडतो. त्यात नकाराच्या कारणांपुढे अक्षरं असतात. प्रवासाचा हेतू आणि मुक्काम पटवणारे कागद नसतील तर E, पुरेसे पैसे नसतील तर G. नकाराविरुद्ध अपील करता येतं, पण अपील केलं म्हणून परतीचं विमान थांबत नाही. पूर्वी पासपोर्टवर शिक्का मारून त्यावर काळ्या शाईने फुली मारत. ऑक्टोबर 2025पासून ही नोंद टप्प्याटप्प्याने संगणकात जाऊ लागली. तिथे ती तीन वर्षं राहते.

परत नेण्याची जबाबदारी ज्या विमान कंपनीने आणलं तिची. फुकट मात्र नव्हे. त्याच कंपनीचं परतीचं तिकीट असेल, तर बहुधा तेच अलीकडच्या तारखेला वापरतात. नसेल, तर आधी कंपनी घेऊन जाते आणि मग भाडं प्रवाशाकडून वसूल करते. इथवर येण्याचं भाडं तर परत मिळतच नाही. पासपोर्ट अनेकदा विमानातल्या कर्मचाऱ्यांकडे दिला जातो आणि उतरल्यावरच हाती येतो.

आता फ्रँकफर्ट–लिस्बन. हा टप्पा त्याच तिकिटात असेल, तर न वापरलेल्या भागाची काही किंमत उरते का ते त्या तिकिटाच्या नियमांवर ठरतं, आणि ती कंपनी परतीच्या खर्चात वळती करून घेऊ शकते. वेगळ्या स्वस्त कंपनीचं तिकीट असेल, तर तिच्या लेखी हा माणूस विमानतळावर आलाच नाही. पैसे बुडाले. सामानाला थेट लिस्बनचा टॅग असेल तर तेही चुकून पुढे जाऊ शकतं. म्हणून टॅगची पावती दाखवून बॅग उतरवायला तिथेच सांगावं.

प्रवास विम्यावर फारशी भिस्त ठेवू नका. प्रवेश नाकारणं बहुतेक पॉलिसींत वगळलेलंच असतं.

म्हणून खोलीत बसल्या बसल्या, फोन वापरू देत असतील तर, पुढचं विमान सुटण्याआधी ते तिकीट रद्द करा. भाडं गेलं तरी विमानतळाचे कर परत मागता येतात. भारतीय कंपन्यांना तर ते द्यावेच लागतात. नकाराचा फॉर्म जपून ठेवा. पुढे ब्रिटन किंवा कॅनडाच्या व्हिसा अर्जात ‘कधी प्रवेश नाकारला गेला का’ असं विचारतील, तिथे ‘हो’च लिहा.