दोन भाषांतली पत्रिका

मराठी लग्नपत्रिका हे मुळात पत्र असतं. वर गणपतीचं आणि कुलदेवतेचं स्मरण, मग ‘स. न. वि. वि.’, मग मजकूर, शेवटी ‘आपले विनीत’ आणि यजमानांची नावं. म्हणजे घरातला कर्ता माणूस हात जोडून समोरच्याशी बोलतो आहे. इंग्रजीतली औपचारिक पत्रिका पत्र नसते. तिला मायना नसतो, खाली सही नसते आणि ‘आम्ही’ हा शब्दही नसतो. यजमान स्वतःचा उल्लेख त्रयस्थासारखा करतात: मिस्टर अँड मिसेस अमुक रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युवर कंपनी. एका कागदावर हे दोन्ही छापायचे, तर ओळीखाली ओळ भाषांतरून काम भागत नाही, कारण दोन्हींची बैठकच वेगळी आहे.

बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. मराठी मजकूर आधी तयार होतो आणि कुणीतरी तो जसाच्या तसा इंग्रजीत उतरवतं. मग सुरुवात ‘मिस्टर अँड मिसेस’ अशी त्रयस्थ आणि दोन ओळींनंतर ‘अवर डॉटर’. बोलणारा मध्येच बदलला. इंग्रजी वाचणाऱ्याला हे लगेच खटकतं. सुरुवात नावांनी केली तर पुढे ‘देअर डॉटर’च हवं. ‘अवर’ ठेवायचं असेल, तर सुरुवातही ‘वुई’ने करावी लागते.

एक नमुना घेऊ. मुलीचं नाव मीरा, घर जोशींचं. मुलाचं नाव रोहन, घर पुण्याच्या कुलकर्ण्यांचं. नावं अर्थातच काल्पनिक. मुहूर्त २०२५ सालच्या अक्षय्य तृतीयेचा. मुलीकडची मराठी पत्रिका अशी होईल:

स. न. वि. वि.
आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. मीरा आणि श्री. व सौ. कुलकर्णी, पुणे यांचे चिरंजीव चि. रोहन यांचा शुभविवाह शके १९४७, वैशाख शुद्ध तृतीया, बुधवार, दि. ३० एप्रिल २०२५ रोजी सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांच्या शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.
आपले विनीत, सौ. व श्री. जोशी

आणि तिच्याच तोलाची इंग्रजी बाजू:

मिस्टर अँड मिसेस जोशी
रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युवर कंपनी, विथ फॅमिली,
ॲट द वेडिंग ऑफ देअर एल्डर डॉटर मीरा
टू रोहन, सन ऑफ मिस्टर अँड मिसेस कुलकर्णी ऑफ पुणे,
ऑन वेन्सडे, द थर्टिएथ ऑफ एप्रिल.

खाली साल, ठिकाण आणि वेळ. इंग्रजी मजकूर जवळपास निम्म्यावर आला. तो मराठीएवढा लांबवायचा मोह आवरायला हवा. मराठीतला आदर विशेषणांत आणि ‘योजिले आहे’सारख्या जुन्या क्रियापदांत असतो, इंग्रजीतला आदर मोजक्या शब्दांत आणि मोकळ्या सोडलेल्या जागेत. ‘शुभ’, ‘मंगल’, ‘नम्र’ या प्रत्येकाला इंग्रजी जोडीदार शोधला, की ‘ग्रेशस’, ‘ऑस्पिशस’, ‘एस्टीम्ड’ अशी रांग लागते आणि सूर उंचावण्याऐवजी जड होतो. आपल्याकडच्या छापखान्यांत ती रांग तयार साच्यात मिळते. माझं मत विचाराल तर तिच्यातला एखादाच शब्द ठेवावा, तोही देवाच्या कृपेचा उल्लेख असेल तिथे.

‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ इंग्रजी बाजूला नेऊच नयेत. रोमन लिपीतली ती अक्षरं परक्या पाहुण्याला नावाचाच भाग वाटतात. वधूवरांची नुसती नावं तिथे पुरेशी आदराची असतात. ‘ज्येष्ठ’ मात्र नीट बघावं लागतं. मुली दोनच असतील तर ‘एल्डर’, तीन किंवा अधिक असतील तर ‘एल्डेस्ट’. मराठी शब्द दोन्हीकडे चालतो, त्यामुळे लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही आणि चूक छापून जाते.

वडील हयात नसतील तर दोन्ही बाजू आणखी काळजीने जुळवाव्या लागतात. मराठीत ‘कै.’ लावून वडिलांचं नाव मजकुरात येतं आणि निमंत्रण आई, काका किंवा आजोबा देतात. इंग्रजीतही दिवंगत व्यक्ती यजमान होऊ शकत नाही. त्यामुळे पहिल्या ओळीत एकट्या आईचं नाव येतं, क्रियापद एकवचनी, म्हणजे ‘रिक्वेस्ट्स’ होतं, आणि वडील ‘डॉटर ऑफ द लेट’ असे मुलीच्या नावापाशी येतात. साच्यातला ‘मिस्टर अँड मिसेस’ तसाच राहिला, तर घरच्यांच्या मनाला जी कळ लागते ती पुन्हा छापून भरून येत नाही.

‘सहकुटुंब, सहपरिवार’ या दोन शब्दांवर तर पाहुण्यांची संख्या अवलंबून असते. इंग्रजी रिवाजात पाकिटावर ज्यांची नावं, बोलावणं तेवढ्यांनाच. लंडनचा सहकारी ‘विथ फॅमिली’ नसलेली पत्रिका वाचून मुलांना घरी ठेवून येईल आणि शेजारचा मराठी पाहुणा सगळ्या घराला घेऊन येईल. दोघंही बरोबरच वागले. पत्रिकेने दोन वेगळी आमंत्रणं दिली. म्हणून वरच्या नमुन्यात तो शब्द मुद्दाम घातला आहे.

वेळेचंही तसंच. मराठी वाचक मुहूर्ताचा आकडा पाहून कधी निघायचं, किती वाजता अक्षता, कधी पंगत, हे आपोआप ताडतो. परक्या पाहुण्याला ११ वाजून ४२ मिनिटं हा छपाईतला दोष वाटू शकतो. इंग्रजी बाजूला तिथीची गरज नाही, पण ‘मुहूर्त’ हा शब्द तसाच ठेवून त्यापुढे वेळ द्यावी आणि खाली साध्या शब्दांत सांगावं की पाहुण्यांनी अकरापर्यंत यावं, विधीनंतर जेवण आहे.

आता नवरानवरी स्वतःच आमंत्रण देतात अशाही पत्रिका निघतात. त्यांत विस्कटतं ते उलट दिशेने: मराठी बाजू ‘आमचं ठरलंय, नक्की या!’ अशी घरगुती आणि इंग्रजी बाजू तयार साच्यातली ताठ. तिथे इंग्रजीही ‘वुई’ने सुरू करून तितकीच मोकळी लिहावी. औपचारिकच हवी असेल, तर इंग्रजीत ‘टुगेदर विथ देअर फॅमिलीज’ अशी सुरुवात करतात आणि मराठीत ‘आई-वडिलांच्या आशीर्वादाने आम्ही विवाहबद्ध होत आहोत’ हे तिच्या बरोबरीला शोभतं.

छापण्याआधीचं प्रूफ दोन वेगळ्या माणसांना द्यावं. एकाने फक्त मराठी वाचायचं, दुसऱ्याने फक्त इंग्रजी, आणि दोघांना विचारायचं: कोण बोलावतंय, कुणाकुणाला, किती वाजता? उत्तरं जुळली नाहीत तर दोष कुठे आहे ते तिथेच कळतं. मराठी बाजूची जोडाक्षरं फुटली नाहीत ना, वरच्या ओळीच्या उकाराला खालच्या ओळीची वेलांटी चिकटली नाही ना, हेही पाहावं. देवनागरी अक्षराला वर-खाली मात्रा असल्याने दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. आणि रोमन लिपीतली वधूवरांची नावं आधार कार्डावर किंवा पासपोर्टवर आहेत त्याच स्पेलिंगने छापावीत. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली विवाहनोंदणी करताना लग्नपत्रिकाही कागदपत्रांत मागतात.