अधिकमासाची दिवाळी आणि ३७ महिन्यांची पाटी

बालाघाटहून सिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर लालबर्रा लागते. आसपास धानाची शेती. याच जिल्ह्यातल्या सुगंधी चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, इथले एक कुटुंब चिन्नोरच्या पाच किलोच्या पिशव्या भरते आणि दिवाळीच्या आधी महिनाभर फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिराती लावून त्या नागपूर, गोंदिया, जबलपूरला पाठवते. कुटुंब काल्पनिक आहे, पण त्याच्यासमोर उभा राहणारा प्रश्न अगदी खरा आहे: यंदाची जाहिरात चांगली चालली की वाईट, हे ठरवायचे कोणत्या वर्षाशी ताडून?

‘गेल्या वर्षाशी’ हे उत्तर पटकन सुचते. दिवाळीच्या बाबतीत ते फसवते.

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणून सण दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि अधिकमास आला की पुन्हा पुढे जातात. लक्ष्मीपूजनाच्या तारखा ओळीने मांडल्या की हे डोळ्यांसमोर येते. २०२० मध्ये १४ नोव्हेंबर, मग ४ नोव्हेंबर, मग २४ ऑक्टोबर. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेले. तिथून पुन्हा १ नोव्हेंबर, २१ ऑक्टोबर. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे २०२६च्या दिवाळीची खरी बहीण २०२५ची नाही, २०२३ची आहे.

बालाघाटसारख्या धानाच्या जिल्ह्यात हा फरक नुसता पंचांगातला राहत नाही. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या दिवाळीला बरेचसे धान शेतातच उभे असते; नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कापणी पुढे सरकलेली असते. शहरातल्या पगारदार गिऱ्हाइकाचेही तसेच. ८ नोव्हेंबरच्या दिवाळीआधी खात्यात नुकताच पगार आलेला असतो, २१ ऑक्टोबरच्या दिवाळीला महिना सरत आलेला असतो. खरेदीची लय यावर ठरते, आणि जाहिरातीचे आकडे त्या लयीच्या मागे चालतात.

म्हणून तीन वर्षे मागे जावे लागते. नेमकी तिथेच मेटा कंपनीची मर्यादा आडवी येते. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींचे आकडे `Ads Manager` मध्ये मागच्या ३७ महिन्यांपुरतेच काढता येतात. तीन वर्षे आणि वर एक महिना. इंग्रजी तारखांनी तुलना करणाऱ्याला तेवढे पुरते. पंचांगाच्या तुलनेला ते काठावर अपुरे पडते.

हिशेब करून पाहू. चिन्नोरची जाहिरात १२ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाली आणि १२ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, थांबली असे धरू. २०२६ची दिवाळी आटोपून, पार्सले पोहोचवून, परत आलेले पैसे जमेला धरून घरातली माणसे ३० नोव्हेंबरला हिशेबाला बसतात. त्या दिवशी ३७ महिने मागे गेले की हात ३० ऑक्टोबर २०२३ पर्यंतच पोहोचतो. त्याआधीचे अठरा दिवस गेलेले असतात. २०२३चा दसरा २४ ऑक्टोबरला होता, म्हणजे दसराही त्यातच गेला. अर्धी मोहीम हाती, अर्धी गायब. अशा वेळी उरलेल्या अर्ध्यालाच पूर्ण समजून भागाकार करण्याचा धोका मोठा असतो. कारण शेवटच्या आठवड्यात ऑर्डरी स्वस्त पडत असतील तर सुरुवातीचे महागडे दिवस हिशेबातून निसटतात, आणि २०२३ होते त्यापेक्षा उजळ दिसू लागते.

दुसरी कात्री याहून जवळ आहे. एखादी जाहिरात किती वेगवेगळ्या माणसांनी पाहिली, हा आकडा पडद्यावर `Reach` नावाने येतो. तो वय, लिंग किंवा राज्य असा फोडून पाहायचा असेल, तर १० जून २०२५ पासून मेटाने त्याला १३ महिन्यांची मर्यादा घातली आहे. सीमेवरच्या या जिल्ह्याला हीच फोड हवी असते: महाराष्ट्रात किती माणसांपर्यंत पोहोचलो आणि मध्य प्रदेशात किती? ३० नोव्हेंबर २०२६ ला तेरा महिने मागे गेले की ३० ऑक्टोबर २०२५ येतो. तोवर २०२५ची दिवाळी होऊन गेलेली होती. म्हणजे अगदी मागच्या दिवाळीचीही राज्यवार `Reach` तेव्हा मिळणार नाही. राज्यवार खर्च आणि क्लिक मात्र ३७ महिन्यांपर्यंत राहतात.

सगळीकडे हाच नियम नाही. गुगल अ‍ॅड्सने १३ नोव्हेंबर २०२४ पासून आपली मुदत ११ वर्षे केली. गुगल सर्च कन्सोल मात्र १६ महिन्यांपलीकडचे दाखवत नाही. आणि मुदत बदलते, एवढेच नव्हे तर आख्खे साधनही बंद होते, हे वेबसाइट चालवणाऱ्यांनी पाहिले आहे. ‘युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स’ने १ जुलै २०२३ ला सर्वसाधारण खात्यांची नवी नोंद घेणे थांबवले आणि १ जुलै २०२४ नंतर जुन्या नोंदीही पुसायला घेतल्या. पुरे एक वर्ष हातात होते. ज्यांनी त्या वर्षात फाइली उतरवल्या नाहीत, त्यांची जुनी वर्षे गेली.

फाइल उतरवणे अवघड नाही, पण ती कशी उतरवली यावर पुढची तुलना टिकते. `Ads Manager` मध्ये तारखा निवडायच्या, वरच्या मोहिमेच्या नव्हे तर एकेका जाहिरातीच्या पातळीवर, म्हणजे `Ads` वर जायचे, `Breakdown` मध्ये वेळेखाली `Day` निवडायचा आणि `Export` करून `.csv` घ्यायची. `Day` विसरला की साऱ्या महिन्याची एकच बेरीज मिळते. ऑक्टोबरची बेरीज आणि नोव्हेंबरची बेरीज हाती असून दिवाळीशी जुळवता येत नाही, कारण सण महिन्याच्या सीमेवर थांबत नाही.

दिवसागणिक आकडे असले की तारीख बाजूला ठेवून ‘लक्ष्मीपूजनाला किती दिवस’ हा रकाना करता येतो. तारीख `A` रकान्यात असेल तर २०२३ साठी सूत्र एवढेच:

```
=A2-DATE(2023,11,12)
```

१२ ऑक्टोबरपुढे उणे ३१ येईल. २०२५ मध्ये उणे ३१ म्हणजे २० सप्टेंबर, २०२६ मध्ये ८ ऑक्टोबर. आता तिन्ही वर्षे एका मापात आली. असे केले नाही तर फरक किती पडतो ते मानलेल्या आकड्यांनी पाहू. १२ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर याच तारखा तिन्ही वर्षी धरल्या आणि दरवर्षी २४,००० रुपये खर्च झाला. २०२३ मध्ये १६० ऑर्डरी, म्हणजे ऑर्डरमागे १५० रुपये. २०२५ मध्ये १२० ऑर्डरी, २०० रुपये. २०२६ मध्ये १५० ऑर्डरी, १६० रुपये. गेल्या वर्षाशी ताडले तर ऑर्डर चाळीस रुपयांनी स्वस्त झाली. पण २०२५च्या त्या मुदतीत दिवाळीआधीचे दिवस फक्त नऊ होते, बाकीचे सणाचे आणि त्यानंतरचे. बहिणीशी, २०२३शी, ताडले तर ऑर्डर दहा रुपयांनी महागली आहे. पहिले उत्तर पुढच्या वर्षी जाहिरातीवर जास्त पैसे लावायला सांगते, दुसरे आधी जाहिरात तपासायला.

रोजच्या आकड्यांत एक खड्डा आहे. खर्च, क्लिक, ऑर्डरी यांची बेरीज चालते. `Reach` ची चालत नाही. सोमवारी आणि मंगळवारी जाहिरात पाहिलेला माणूस एकच असतो, बेरजेत तो दोनदा मोजला जातो. म्हणून पूर्ण मोहिमेची `Reach` दिवसांची फोड न करता वेगळ्या फाइलीत घ्यावी लागते, आणि राज्यवार हवी असेल तर तिसऱ्या. ही तिसरी फाइल मोहीम संपल्यावर लगेच घ्यायची, कारण तिचेच आयुष्य सर्वांत कमी.

लगेच म्हणजे मात्र दुसऱ्याच दिवशी नव्हे. मेटा ऑर्डरचे श्रेय ती आली त्या दिवसाला देत नाही, जाहिरात पाहिली किंवा क्लिक केली त्या दिवसाला देते. मुदत `7-day click` असेल तर ८ नोव्हेंबरच्या खात्यात १५ तारखेपर्यंत ऑर्डरी भरत राहतात. मोहीम संपल्यावर आठ-दहा दिवस थांबून फाइल घेतली की आकडे स्थिर मिळतात. श्रेयाची ही मुदत कोणती होती ते फाइलीबरोबर लिहून ठेवावे. दोन वर्षांची मुदत वेगळी असेल तर ऑर्डरींची तुलना चुकते आणि फाइल पाहून ते कळतही नाही.

उतरवलेली `.csv` थेट एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की दोन गोष्टी बिघडू शकतात. मराठी-हिंदीत लिहिलेली जाहिरातींची नावे अगम्य खुणा बनतात; तिथे `Data` मधून `From Text/CSV` घेऊन `65001: Unicode (UTF-8)` निवडले की देवनागरी नीट दिसते. दुसरा बिघाड गुपचूप होतो. एक्सेल संख्येतले पहिले पंधरा अंकच खरे ठेवते, आणि जाहिरातीचा ओळखक्रमांक सतरा-अठरा अंकांचा असू शकतो. शेवटचे अंक शून्य होतात, दोन वेगळ्या जाहिराती एकाच क्रमांकाच्या होऊन बसतात. तो रकाना `Text` म्हणून उघडायचा आणि मूळ फाइलीला हात न लावता तिची प्रत वापरायची. रकान्यात क्रमांकांच्या शेवटी शून्येच शून्ये दिसली, तर बिघाड झाला आहे असे समजावे. शिवाय उतरवलेल्या रोजच्या खर्चाची बेरीज पडद्यावरच्या एकूण खर्चाशी जुळते का, ते त्याच दिवशी पाहावे. जुळत नसेल तर बहुधा एखादी जाहिरात गाळणीत अडकली आहे किंवा डिलीट केलेली आहे.

आकड्यांच्या फाइलीत जाहिरात स्वतः नसते. चित्र, मजकूर, भाव, ‘घरपोच’ लिहिले होते की नाही, यातले काही उतरत नाही. मेटाच्या जाहीर ‘अ‍ॅड लायब्ररी’वर विसंबता येत नाही, भारतात राजकीय आणि सामाजिक विषयांच्या जाहिराती तिथे सात वर्षे राहतात, तांदळाची जाहिरात थांबली की दिसेनाशी होते. तेव्हा चालू असतानाच तिचे चित्र टिपून, ओळखक्रमांकाच्या नावाने, त्याच फोल्डरात ठेवावे. सोबत त्या वेळचा तांदळाचा भाव आणि पोस्टाचा खर्चही, कारण १५० आणि १६० रुपयांमधला फरक कधीकधी तिथे सापडतो.

ही सारी कामे मिळून महिन्याला अर्ध्या तासाची आहेत. दर महिन्याच्या दहा तारखेला मागच्या महिन्याची फाइल घेतली तर ३७ महिन्यांची कात्री कधीच लागत नाही. पुढचा असा फेरा २०२९ मध्ये आहे: त्या वर्षी अधिक चैत्र, लक्ष्मीपूजन ५ नोव्हेंबरला, आणि तिची बहीण २०२६ची दिवाळी. १ ऑक्टोबर २०२६ चे आकडे मेटाच्या खात्यातून १ नोव्हेंबर २०२९ च्या सुमारास जातील, लक्ष्मीपूजनाच्या चार दिवस आधी.