मसाल्याचा खरा भाव चमच्यावर ठरतो

शाबानचा महिना संपत आला की किराणा दुकानात गरम मसाल्याची मोठी पाकिटे पुढे मांडली जातात. इफ्तारनंतर रोज रस्सा होणार, मध्येच बिर्याणी होणार, मग मोठे पाकीटच परवडेल, असा घरोघरी हिशेब असतो. रमजानपुरता तो बरोबरही असतो. चुकतो तो ईदनंतर.

हिशेबासाठी एक घर धरू. किलोभर गोश्ताच्या रश्श्याला सपाट चहाचा चमचा गरम मसाला पुरतो. त्याचे वजन साधारण दोन ग्रॅम. रमजानचे तीस दिवस रोज एक चमचा म्हटले तरी ६० ग्रॅम लागतात. एरवी आठवड्यातून दोनदा रस्सा झाला, तर महिन्याला जेमतेम १६ ग्रॅम. आता २०० ग्रॅमचे पाकीट १६० रुपयांना मिळाले, म्हणजे ग्रॅमला ८० पैसे पडले असे धरा. रमजानात ६० ग्रॅम संपले, पुढच्या तीन महिन्यांत ४८. उरलेल्या ९२ ग्रॅममध्ये रंग असतो, पण वास उतरलेला असतो. मग एकाऐवजी दोन चमचे पडू लागतात, नाहीतर पाकीट टाकून द्यावे लागते. टाकले तर खऱ्या अर्थाने वापरले गेले १०८ ग्रॅम, आणि ग्रॅमचा भाव झाला जवळजवळ दीड रुपया.

आता खडा मसाला आणून घरी दळला तर? धने २० ग्रॅम, जिरे १०, दालचिनी आणि मिरी प्रत्येकी ६, लवंग आणि हिरवी वेलची प्रत्येकी ४, असा ५० ग्रॅमचा मसाला घ्या. धने २००, जिरे ४००, दालचिनी ५००, मिरी ९००, लवंग १,२०० आणि वेलची ३,५०० रुपये किलो धरली, तर सारे मिळून ३५ रुपये होतात. त्यातले १४ रुपये एकट्या वेलचीचे. भाजताना आणि चाळताना थोडी घट धरली तरी ग्रॅमला पाऊण रुपया पडतो. भाव आपल्या गावचे घालून पाहावेत. नुसत्या भावात पाकिटाशी फारसा फरक नाही. फरक आहे तो लागेल तेवढेच दळता येण्यात. पाकीट घेताना मागचा घटकांचा क्रमही वाचावा. ज्याचे वजन जास्त, त्याचे नाव आधी, असा नियम आहे. धने पहिले आणि वेलची शेवटी असेल, तर पैसे कशाचे जातात ते कळते.

वास का उडतो? मसाल्याचा सुगंध म्हणजे त्यातले उडणारे तेल. अख्ख्या दाण्यात ते आत कोंडलेले असते. दळताना दाणा फुटतो, त्यातच पात्याच्या उष्णतेने काही तेल तिथेच उडते. उरलेले पुढे प्रत्येक वेळी डबा उघडला की जात राहते. शेगडीवरच्या फळीवर ठेवलेला डबा तर आणखी लवकर फिका पडतो. चिमूटभर मसाला तळहातावर चोळून हुंगावा. वास लगेच आला नाही, तर तो मसाला केवळ रंगापुरता उरला आहे.

मात्र खडा मसाला म्हणजे ताजाच, असेही नाही. तेल काढून घेतलेल्या लवंगाही बाजारात येतात. चार लवंगा पाण्यात टाका. चांगल्या तळाशी बसतात, तेल काढलेल्या वर तरंगतात. मिरीत पपईच्या बिया मिसळल्या असतील, तर त्याही अशाच वर येतात.

बिर्याणीचा हिशेब मात्र उलटा आहे. किलोभर गोश्ताच्या यखनीत आठ लवंगा, आठ वेलच्या, दालचिनीचे दोन तुकडे आणि वीसेक मिरी टाकली, तर वजन सहा-सात ग्रॅम भरते. म्हणजे दळलेल्या मसाल्याच्या तिप्पट. अख्खा दाणा आपला सगळा अर्क सोडत नाही आणि शेवटी ताटाच्या कडेला जातो. तरीही बिर्याणीत खडाच हवा, कारण दळलेल्याने भात काळपट होतो. तिथे काही रुपये जास्त जातात ते भाताच्या रंगासाठी.

हळद आणि लाल तिखट यांच्यासाठी घरच्या मिक्सरला छळू नये. हळकुंड त्याला झेपत नाही. ते कांडपावरून आणावे किंवा तयार घ्यावे. धनेपूडही चालते, कारण रश्श्याला ती दोन-दोन चमचे लागते आणि शिळी व्हायच्या आत संपते.

थोडक्यात, जे चमच्यांनी जाते ते तयार घेतले तरी बिघडत नाही. जे चिमटीने जाते ते अख्खे ठेवावे. रमजानात पंधरा दिवसांचे ३० ग्रॅम दळून काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवले, तर ईदच्या दिवशीही बरणी उघडताच वास येईल. आणि पाकीटच घ्यायचे असेल, तर ५० ग्रॅमचे घ्यावे. ग्रॅममागे ते महाग दिसते, पण संपते.