तुम्ही राहता कुठे?

मराठीतले ‘राहणे’ हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. माणूस नोकरीपुरता जर्मनीत राहतो आणि मनाने सदाशिव पेठेत राहतो. दोन्ही वाक्ये शुद्ध! कर खात्याला मात्र असले द्व्यर्थी व्याकरण चालत नाही. तुम्ही त्या वर्षी कोणत्या देशाचे करनिवासी होता, हे त्याला लेखी लागते. हा कागद म्हणजे टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, आपल्या भाषेत करनिवासाचा दाखला.

माझी एक जुनी विद्यार्थिनी जर्मनीत नोकरी करते. पुण्यातल्या तिच्या एनआरओ ठेवीवर वर्षाला दोन लाख रुपये व्याज येते. परदेशस्थ म्हणून बँकेने ३१.२ टक्के, म्हणजे ६२,४०० रुपये, आधीच कापून घेतले. तिकडे जर्मनी आपल्या रहिवाशाचे जगभरचे उत्पन्न मोजतो. अशा व्याजावर तिथला कर, सवलत आणि अधिभार बाजूला ठेवले तर, २५ टक्के म्हणजे ५०,००० रुपये.

आता गंमत पाहा. भारत-जर्मनी करारानुसार या व्याजावर भारताने १० टक्क्यांहून अधिक कर घ्यायचा नाही. म्हणून जर्मनी वजावट देतो तीही तेवढ्याच २०,००० रुपयांची. आपल्या बँकेने किती कापले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. बाईंना तिथे आणखी ३०,००० भरावे लागले. एकूण ९२,४००! दाखला वेळेवर बँकेत दिला असता, तर दोन्हीकडचे मिळून ५०,०००च झाले असते. मधले ४२,४०० रुपये बुडाले नाहीत, पण ते परत मिळवायला भारतात विवरणपत्र भरावे लागले, आणि तेथेही दाखला लागलाच.

हा दाखला भारतात मिळत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो जिथे राहता तिथल्या कर कार्यालयाकडून, जर्मनीत ‘फिनान्झआम्ट’कडून, घ्यायचा. पासपोर्ट किंवा व्हिसा त्याच्या जागी चालत नाही, कारण नागरिकत्व वेगळे आणि करनिवास वेगळा. दाखल्यात नाव, पत्ता, कर क्रमांक आणि कालावधी पाहून घ्यावा. काही तपशील राहिला असेल तर तो आयकर खात्याच्या पूरक फॉर्मात स्वतः भरून द्यावा लागतो.

खरी गफलत होते ती कालावधीत. जर्मनीचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपले एप्रिल ते मार्च. त्यामुळे एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ च्या व्याजासाठी २०२४ आणि २०२५ असे दोन्ही वर्षांचे दाखले हाताशी हवेत. जुना दाखला पुढच्या वर्षी चालत नाही. दरवर्षी नवा अर्ज करायचा.

ठेव एनआरई खात्यात असेल, तर परदेशस्थाच्या व्याजावर भारत करच घेत नाही, तेव्हा त्यासाठी बँकेकडे दाखला देण्याचे कारण नाही. जर्मनीला मात्र ते व्याजही कळवावे लागते.